धडा चुकला की येणारा फोन

लीलाबाईंना शाळेत शेवटच्या बाकावर बसवलं असतं, तरी त्यांनी तिथूनच मास्तरांची चूक काढली असती. माझ्या तर त्यांनी इतक्या काढल्या की एका दुपारी मी वैतागून म्हणाले, "मावशी, तुम्हीच बनवा आता कोर्स." त्या शांतपणे म्हणाल्या, "बनवला आसता. पर मला त्यो कंप्युटर न्हाई येत, आन् तुमाला शेळी."

साताऱ्यातल्या ज्या संस्थेत मी काम करते, ती गावातल्या बायकांना पशुसखी व्हायला शिकवते. पशुसखी म्हणजे गावातली अशी बाई, जी डॉक्टर येईपर्यंत जनावराला सांभाळते. जंताचं औषध कधी द्यायचं, कासेला सूज आली तर काय बघायचं, लसीची तारीख कोणाच्या गोठ्यात कधी, हे तिला ठाऊक असतं. हे सगळं मोबाईलवर शिकवायचं ठरलं आणि कोर्स रचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाईची. आमच्या घरात जनावर म्हणजे फार तर मांजर. म्हणून प्रत्येक धडा आधी एका खऱ्या बाईला दाखवून बघायचा, असा मी नियम केला. ती बाई म्हणजे कोरेगावजवळच्या वाडीतल्या लीलाबाई.

सातवीत शाळा सुटलेली, पंचेचाळिशीच्या पुढचं वय, दारात दोन म्हशी नि पाच-सहा शेळ्या. नवरा आकाराम फौजेतून हवालदार होऊन आलेला, पुढं ऊस. मुलगा शंभूराज बापाच्याच वाटेनं फौजेत. मुलगी प्रियदर्शनी कॉलेजात. बाई उंच, आवाज मोठा, आणि हसताना पदर तोंडावर घ्यायची सवय नाही.

आमचे पशुवैद्य डॉक्टर गंगाधरराव. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. रवंथ या विषयावर त्यांनी पाऊण तास व्हिडिओ दिला. मी त्याचे तुकडे केले. एका तुकड्यात एकच गोष्ट, चार मिनिटांत संपणारी, चूल पेटेपर्यंत बघून होईल एवढी. डॉक्टर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. लीलाबाईंनी मात्र ते चार मिनिटांचं बघून सांगितलं, "ह्ये बरं. पर आधी इचारा की, शेळी फुगली तर तुमी काय करता. चुकीचं सांगू दे बाईला. मग बगल ती फुडं काय हाय ते." हेच पुस्तकात मी इंग्रजीतून वाचलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी.

प्रश्नोत्तरांची गंमत निराळीच. पहिल्या खेपेला आम्ही चुकीच्या उत्तराला लाल फुली आणि भोंग्यासारखा आवाज ठेवला होता. लीलाबाईंनी एक उत्तर चुकवलं, भोंगा वाजला, आणि त्यांनी फोन बंद करून ज्वारीच्या कणगीत टाकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "मास्तर असाच वराडायचा. तवा साळा सोडली. आता फोन सोडला." त्यात रुसवा नव्हता, नुसती माहिती होती. मोठं माणूस पैशापायी किंवा वेळेपायी शिक्षण सोडतं असं आपण धरून चालतो. बरेचदा ते लाजेपायी सोडतं. आम्ही फुली काढली. चुकलं की का चुकलं ते एका वाक्यात ऐकू यायचं आणि पुन्हा उत्तर देता यायचं. गुण कोणालाच दिसायचे नाहीत. चुकलेला प्रश्न काही दिवसांनी गुपचूप परत विचारला जायचा. बायका टिकायला लागल्या.

तरी मधल्या टप्प्यात गळती होतीच. लग्नसराई, दुखणं, उसाची लागण, कापणी. दोन दिवस धडा बघितला नाही की कोर्स अडगळीत जातो. मग आम्ही फोन लावायची सोय केली. यंत्रच फोन लावायचं, बाईनं स्वतः सांगितलेल्या वेळेला, आणि ध्वनिमुद्रित निरोप ऐकवायचं. रागवायचं नाही, "मागे पडलात" म्हणायचं नाही, फक्त पुढचा छोटा धडा कोणता ते सांगायचं. निम्म्या बायकांना माझ्या आवाजात निरोप ठेवला, निम्म्यांना घरातल्याच कोणाच्या तरी. माझा आवाज ऐकून बायका फोन कापत. घरच्या आवाजावर मात्र परत येत. पुष्कर म्हणून आमचा तंत्रज्ञ आहे, तो आकडे बघून म्हणाला, "भार्गवी, तुझ्यापेक्षा कुणाचंही कार्टं बरं." मग सगळ्यांनाच घरचे आवाज लावले.

लीलाबाईंसाठी प्रियदर्शनीनं निरोप दिला. उन्हाळ्यात मी तो त्यांच्या अंगणात बसून मुद्रित केला होता. "आई, धडा राहिलाय. चारच मिन्टाचा हाय. बगून घे." शेवटी हसू फुटलेलं. लीलाबाई गोठ्यातून ओरडल्या, "मला कशाला फोन लावतीस? माजा धडा कवा राहतोय?" आणि खरंच राहिला नाही. त्या पाखरासारख्या वेळेवर होत्या. लेकीचा तो निरोप त्यांना एकदाही गेला नाही.

दिवाळीनंतर प्रियदर्शनीनं सांगलीच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीबाहेरचा. पळून नव्हती गेली. घरात सांगून, भांडून, कपडे घेऊन गेली. शंभूराज तेव्हा सुट्टीवर होता. आकारामांनी लेकीच्या नावानं अंघोळ केली. आमच्याकडे ज्याचं नाव कायमचं टाकायचं, त्याच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतात, मेल्यासारखंच ते. हे मला वाडीतल्या दुसऱ्या एका पशुसखीकडून कळलं. लीलाबाईंना मी काही विचारलं नाही. त्यांचे धडे चालू होते, एवढ्यावर मी समाधान मानलं.

मग ते धडे अडखळायला लागले. एक धडा बघायच्या, थांबायच्या. दोन दिवस गेले की यंत्र फोन लावायचं. त्या पूर्ण निरोप ऐकायच्या आणि तासाभरात धडा बघायच्या. पुन्हा थांबायच्या. पुन्हा फोन, पुन्हा धडा. उत्तरं सगळी बरोबर. मला वाटलं, घरातल्या दुःखानं मन लागत नसेल. बरंय, निरोपानं तरी ढकलली जाते बाई. पुष्करला तर आनंद झाला. आमच्या वार्षिक अहवालात "आठवणीचा उपयोग" म्हणून तो हाच आलेख घालणार होता.

यंत्रात आम्ही एक नियम घातला होता, आणि तो चुकीचा नव्हता. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की माणसाचा कान बधिर होतो. म्हणून बऱ्याच फोननंतरही बाई मागेच राहत असेल तर आवाज बदलायचा. नियमाप्रमाणे लीलाबाईंचा आवाज बदलला गेला. प्रियदर्शनीच्या जागी त्यांना मी ऐकू यायला लागले. छान, उत्साही, वाईच्या शुद्ध मराठीत.

त्यांनी पहिला फोन उचलला आणि मी "नमस्कार" म्हणताच कापला. दुसरा उचलला नाही. तिसराही नाही. धडे थांबले ते थांबलेच. तीन फोन वाया गेले की यंत्रानं गप्प बसायचं आणि माणसानं जायचं, हाही आमचाच नियम. म्हणून मी कोरेगावची एसटी पकडली.

लीलाबाई शेळीच्या खुरात अडकलेला काटा काढत होत्या. मला बघून त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. आकाराम रानात गेले होते. मी बसले. कोर्स जड जातोय का, वेळ बदलू का, असलं आमचं ठरलेलं सगळं विचारून झालं. त्यांनी काटा काढून दाराबाहेर टाकला आणि म्हणाल्या, "ताई, माजी पोरगी कुटं नेली तुमी?"

मला आधी समजलंच नाही.

"धडा बगितला की ती येत न्हवती," त्या म्हणाल्या. "न्हाई बगितला की यायची. मग मी न्हाई बगायची. पर लय दिस न्हाई बगितला तर फोन बंदच व्हतोय, आसं तुमीच सांगितल्यालं. म्हून एक बगायचा, मग थांबायचं. आई म्हनायची वो ती."

आमचा तो गोड आलेख म्हणजे ही बाई लेकीच्या हाकेसाठी मुद्दाम मागं पडत होती. मागं पडायचं, पण सुटायचं नाही, असा तिनं आमच्या नियमांच्या मधोमध रस्ता काढला होता. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. मी म्हणाले, "मावशी, सरळ फोन करा की तिला! मी नंबर लावून देते. आत्ता."

"न्हाई." त्यांनी हात झटकला. "शंभूच्या डोक्यावर हात ठिवून शपत घेतलीया. आदी ह्यांनी घेतली, मग माजा हात धरून ठिवला. तिच्याशी बोलायचं न्हाई, तिला फोन करायचा न्हाई, उंबऱ्यात घ्यायचं न्हाई. पोरगं तकडं बर्फात हुबं हाय, ताई. त्याच्या डोक्यावरची शपत कशी मोडू?" मग त्या म्हणाल्या, "ऐकायचं न्हाई, आसं काय म्हनल्यालं न्हवतं. म्हून नुसतं ऐकायची. फोनमदी एक शबूद बोलले न्हाई मी कवा."

शपथेवर माझा विश्वास नाही. असल्या शपथा घालणाऱ्या बापांना तर मी मनातल्या मनात काय काय बोलले. पण ज्या बाईचं लेकरू सीमेवर आहे, तिला हे समजावून सांगायला माझी जीभ धजली नाही. कुणाची धजत असेल तर त्यानं जाऊन सांगावं.

"जुना आवाज परत लावते," एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी उठताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "ती बरी हाय का, तेवडं कुनाकडनं कळंल का वो?"

सांगलीत विश्रामबागेच्या मागं दोन खोल्यांत प्रियदर्शनी राहते. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होतं, दोन-अडीच महिन्यांचं. मी काय सांगायला आले ते सांगितलं. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली, मग खाली बसली.

"आई काय बोलती का फोनवर?"

"नाही. शेवटपर्यंत ऐकते."

"मला वाटलं, तिनंबी अंघोळ केली," ती म्हणाली.

जुना निरोप आमच्याकडे होताच. पण ती म्हणाली, नवा देते. मी बजावलं, फोन बापही उचलू शकतो, कोर्सचा फोन कोर्सचाच राहिला पाहिजे. धड्याखेरीज एक अक्षर नको. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि तेच बोलली. "आई, धडा राहिलाय. चारच मिन्टाचा हाय. बगून घे." तेवढ्यात बाळ रडलं. मी पुन्हा मुद्रित करायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "राहू दे. ह्येच राहू दे."

पुष्करला मागचे आवाज पुसून निरोप स्वच्छ करायची सवय आहे. मी त्याला फोन करून सांगितलं, या निरोपाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

निरोप गेला त्या संध्याकाळी लीलाबाई धार काढत होत्या. फोन ओसरीवर वाजला आणि आकारामांनी उचलला. हे मला लीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते फोन कानाला लावून उभेच राहिले, बंद झाल्यावरही. मग गोठ्याच्या दारात आले. "लेकरू रडतंय," एवढंच बोलले आणि परत गेले. बाळ आहे हे लीलाबाईंना असं कळलं. त्यांनी धार अर्धी टाकली. नातू की नात, ते विचारायलाच त्यांनी मला फोन केला होता. मी सांगितलं, नात.

त्यानंतर त्यांचे धडे पुन्हा होऊ लागले, थांबत थांबतच, पण पूर्वीसारखे. फोन आता बहुतेक वेळा आकारामच उचलत. एकदा लीलाबाई धडा लावायला बसल्या तर ते म्हणाले, "आज नगं बगूस. उद्याबी नगं." कारण दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही बोलले नाहीत. एकाच घरात एकाच फोनची वाट बघणारी ती दोन माणसं, आणि मध्ये त्यांनीच घातलेली शपथ.

शेवटी एकच धडा उरला. तो बघून शेवटची प्रश्नोत्तरं दिली की लीलाबाई पशुसखी होणार होत्या. गावातली जागा त्यांच्याच नावावर ठरली होती. शेजारच्या वाड्यांतल्या बायका आताच त्यांना जनावर दाखवायला यायच्या. हे काम त्यांना हवं होतं. इतकं की पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, औषधाच्या पिशवीवर माजं नाव लिवून देता का. आणि आता त्या शेवटच्या धड्याला हात लावत नव्हत्या. कोर्स पुरा झाला की फोन संपणार. पुरा नाही केला तर तुकडी बंद व्हायची तारीख येणार, मग फोनही संपणार आणि जागाही जाणार. मी दोनदा फोन केला. त्या म्हणायच्या, "बगते की." बघत नव्हत्या.

तुकडी बंद व्हायला थोडे दिवस राहिले असताना आकाराम साताऱ्याला आमच्या कचेरीत आले. एकटेच. इस्त्रीचा सदरा, पाठ ताठ, टोपी हातात. मी त्यांना याआधी नीट भेटले नव्हते आणि भेटायची इच्छाही नव्हती. चार शब्द सुनवायचे असं मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. ते खुर्चीच्या कडेला बसले.

"आवं ताई," ते म्हणाले, "हिचा एक धडा राहिलाय. ती करंल पुरा. मी सांगितलंय तिला. लय राबली हाय ती, तिची जागा जाऊ देनार न्हाई मी."

"बरं होईल, काका."

"फुडं दुसरा कोर्स हाय का तुमचा?"

होता. परसातल्या कोंबड्यांचा, नवीनच. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यात नाव घाला."

"लीलामावशींचं?"

"माजं."

पुष्करनं मान वर करून बघितलं. मी विचारलं, "तुम्हाला कोंबड्या पाळायच्यात?"

"न्हाई," ते म्हणाले. मग टोपीची कड चाचपत बसले. आम्ही प्रत्येकाला जो प्रश्न विचारतो तो मी विचारला, दुसरं काही सुचलंच नाही म्हणून. आठवणीच्या फोनला आवाज कोणाचा लावायचा?

त्यांचा जबडा हलला. नाव आलं नाही. लेकीच्या नावानं पाणी घेतलेल्या माणसाच्या तोंडी ते यायचं कसं. "त्योच," ते म्हणाले. "बारकं रडतंय त्यात, त्योच."

माझे सुनवायचे चार शब्द कुठं गेले कोण जाणे. मी म्हणाले, "काका, सांगली इथनं लांब नाही. मी नंबर लावते, तुम्ही नुसतं 'हॅलो' म्हणा. बाकी ती बोलेल."

"शपत मीच घातलीया," ते म्हणाले. "रागात घातली. राग गेला, पर ती पोराच्या डोक्यावर हाय. रोज सकाळी बातम्या लावतो, आन् आदी ती शपत आठवतीया." हवालदार माणूस, पन्नाशीचा, माझ्या टेबलासमोर लहान पोरासारखा ओठ दाबून बसला होता. पुष्कर उठून बाहेर गेला.

मी त्यांचं नाव घातलं. वय, गाव, फोनची सोयीची वेळ. त्यांनी संध्याकाळची सांगितली, धारेच्या वक्ताची. तेव्हा हीबी घरात असते, म्हणाले. मोबाईलवर पहिला धडा कसा उघडायचा ते मी दाखवायला लागले, तर त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात ठेवला.

"धडा बगितला तर ती फोन करत न्हाई न्हवं?"

"नाही करत, काका."

"मग मी न्हाई बगनार," ते म्हणाले, आणि टोपी घालून उठले.